‘सहज फोन केला’ म्हणणाऱ्यांचं ऐकण्याची सुरुवात

1935 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन गावी चॅड व्हारा या तरुण पाद्र्याने एका कुमारवयीन मुलीचा दफनविधी केला. तिला पहिली पाळी आली होती आणि आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झालाय असं समजून तिने जीव दिला होता. विचारायला जवळ कुणीच नव्हतं. ही गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. 2 नोव्हेंबर 1953 ला त्यांनी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि जीव नकोसा झालेल्यांनी इथे फोन करावा, असं जाहीर केलं. सॅमरिटन्स ही संस्था यातूनच उभी राहिली.

सल्ला द्यायचा तो स्वतः व्हारांनी, अशी कल्पना होती. लोक इतके येऊ लागले की बाहेर बाकावर थांबावं लागे. मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा द्यायची, बोलत बसायची. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की कित्येकांना आत यायची गरजच उरत नाही. मन बाहेरच मोकळं झालेलं असतं. 1954 च्या फेब्रुवारीत त्यांनी फोन या स्वयंसेवकांच्या हाती दिला. एखाद्या पाद्र्याने आपला उपदेश इतक्या सहज बाजूला ठेवावा, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

फोनवर दुःख क्वचितच सरळ येतं. कुणी नुसतं ‘हॅलो’ म्हणून गप्प होतं, कुणी ‘लागतो का बघत होतो’ म्हणतं. अशा वेळी फोन न ठेवता, घाई न करता थांबायचं, ही तिथली रीत.

ओळखीच्या माणसाशीही हे जमतं. एरवी विनोद पाठवणारा मित्र रात्री साडेअकराला ‘काय रे, झोपलास का? सहज’ एवढंच लिहितो. ‘बोल, काय काम?’ म्हटलं की तो ‘काही नाही’ म्हणून निघून जातो. ‘जागाच आहे. बरं झालं आठवण काढलीस. आज झोप नाही का?’ असं विचारलं तर कदाचित तो म्हणेल, ‘हल्ली लागतच नाही.’ इथे गोळीचं नाव किंवा ‘मोबाइल कमी बघ’ सुचवण्याचा मोह आवरावा लागतो. ‘कधीपासून?’ एवढं पुरतं. अर्थात एका ओळीवरून निदान होत नाही. तो खरंच कंटाळलेलाही असेल. नेहमीपेक्षा वेगळं काय, एवढंच पाहायचं.

बोलण्यात ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं आलं तर मात्र आडवळण नको. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती जुनी आहे, पण अनेक अभ्यासांच्या 2014 मधल्या आढाव्यात तिला आधार सापडला नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये, घरचं कुणी जवळ बोलवावं. ऑक्टोबर 2022 पासून भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.