२ → ४ म्हणजे काय?

सांगलीतल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजची ही गोष्ट. गोष्ट मी रचलेली आहे, पण तिच्यातला बोर्ड तुमच्या ओळखीचा निघेल.

सोमवारी संध्याकाळी मीटिंग झाली. प्रज्ञा रजेवर होती आणि शिंदेभाऊ गाडी खाली करून घ्यायला मध्येच उठून गेले. मीटिंग संपल्यावर साहेबांनी व्हाइटबोर्डचा फोटो काढून दोघांना पाठवला. सोबत एक शब्दही नाही. फोटोत तीनच गोष्टी होत्या : वर ‘२ → ४’, त्याखाली गोल केलेला ‘४’ आणि शेवटी ‘काळा’, त्यावर आडवी रेघ.

मंगळवारी सकाळी शिंदेभाऊंनी हमाल लावले आणि चेंबर दोनमधला माल चारमध्ये हलवायला सुरुवात केली. पंधरा किलोचे साठ बॉक्स गेलेसुद्धा. इकडे प्रज्ञाने अडत्याला फोन करून सांगितलं, की काळ्या बेदाण्याचे नमुने या सौद्यात लावू नका. दुपारी भाऊ नोंद करायला ऑफिसात आले तेव्हा दोघांची गाठ पडली.

“अहो भाऊ, ते चार म्हणजे तापमान. चार डिग्री ठेवायचंय.”

“डिग्री कुठली मॅडम, चेंबर चार हाय की. बाण दिसत न्हाई व्हय?”

साहेब आले तेव्हा दोघंही चुकल्याचं कळलं. आधी चेंबर दोनची कॉइल साफ करायची, मग चारची; बाणाचा अर्थ एवढाच. गोलातला ४ म्हणजे मेकॅनिक यायची वेळ. आणि काळ्या मालाची मोजणी झाली होती, म्हणून त्यावर रेघ.

मला यात चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. दोघांपैकी एकालाही साहेबांना फोन करावासा वाटला नाही. फोटो अर्धवट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

अमेरिकेत रिचर्ड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी मुद्दाम दोन अर्थ निघतील असे उतारे लिहिले. एका उताऱ्यातला माणूस चटईवरून हळूच उठतो आणि सुटकेचा बेत करतो. तो तुरुंगातला कैदी असू शकतो किंवा आखाड्यातला पैलवान. दुसऱ्या उताऱ्यात काही मित्र संध्याकाळी जमतात. ते पत्ते खेळायला जमले असतील किंवा वाद्यांच्या सरावाला. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना पहिल्यात कुस्ती दिसली, संगीताच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्यात मैफल. शिवाय वाचताना दुसरा अर्थ बहुतेकांच्या मनातही आला नाही. डोकं दोन अर्थ समोर मांडून निवड करत नाही. रोजच्या कामातून तयार झालेला साचा आधीच हजर असतो, शब्द त्यात बसले की प्रश्न मिटतो. भाऊंचा दिवस बॉक्स हलवण्यात जातो, प्रज्ञाचा सौद्याच्या कागदांत. तीन खुणा तेवढ्यावर सहज बसल्या.

त्यातून बाण ही खूण फसवी. ज्युली हायझर आणि बार्बरा ट्वर्स्की यांनी २००६ मध्ये सायकलच्या पंपासारख्या यंत्रांची चित्रं लोकांना दाखवून वर्णन करायला सांगितलं. बाण नसलेल्या चित्रात लोकांनी कुठला भाग कुठे आहे ते सांगितलं. त्याच चित्रात बाण घातल्यावर काय हलतं आणि त्याने पुढे काय घडतं ते सांगितलं. म्हणजे बाण दिसला की काहीतरी घडतंय, हे लगेच कळतं. पण काय घडतंय? माल सरकतोय, की फक्त कामाचा क्रम लागतोय? ते बाणात नसतं. मीटिंगमध्ये साहेब तोंडाने “आधी... मग” म्हणाले होते. फोटोत आवाज येत नाही.

मग नंतर खुलासा केला की झालं, असंही नाही. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याबद्दलचा एक उतारा लोकांना ऐकवला. त्यात ‘कपडे’ हा शब्दच नव्हता, नुसते ढीग, वर्गवारी, पुन्हा तीच प्रक्रिया. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना तो समजला आणि आठवलाही. ज्यांना विषय ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांची गत विषय न सांगितलेल्यांसारखीच झाली. ऐकतानाच जे जोडलं गेलं नाही, ते मागून आलेल्या विषयाने जोडलं जात नाही. या प्रयोगातल्या लोकांना निदान आपल्याला कळत नाही हे कळत होतं. भाऊंना तेवढीही सवलत नव्हती.

साठ बॉक्स परत दोनमध्ये गेले. काळ्याचे नमुने मात्र त्या सौद्याला हुकले. पुढच्या मीटिंगनंतर साहेबांनी आधी ओळ टाइप केली, “फक्त साफसफाईचा क्रम, माल हलवू नका”, आणि मग फोटो पाठवला. प्रज्ञाच्या फोनमध्ये जुना फोटो अजून आहे. परवा तिने भाऊंना तो पुन्हा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “आता कळतंय वो. पण आधी बॉक्सच दिसत्यात.”