६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा

इंदूरच्या शिकवण्यांमध्ये बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक चूक वारंवार आढळते. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरतो, तेव्हा ३ मधून २ वजा करून उरलेल्या १ चा वर्ग केला जातो आणि सूत्रातल्या १३.६ ला त्याने भागले जाते. त्या हिशोबाने १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा आणि सुमारे ९१ नॅनोमीटर तरंगलांबी येते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. हायड्रोजनची विसर्गनलिका ग्रेटिंगमधून पाहिली, तर मात्र ठळक तांबडी रेषा दिसते, आणि चूक तिथेच उघड होते.

प्रत्येक पातळीची ऊर्जा आधी स्वतंत्रपणे काढावी लागते:

E = −13.6 / n²

इथे n हा पातळीचा क्रमांक आणि E ही इलेक्ट्रॉन व्होल्टमधली ऊर्जा. उणे चिन्हाचा अर्थ इलेक्ट्रॉन केंद्रकाशी बांधलेला आहे. तिसऱ्या पातळीची ऊर्जा −१.५११, तर दुसरीची −३.४०० इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. या दोहोंतला १.८८९ चा फरक प्रकाशकण घेऊन जातो. इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या ऊर्जेवरून नॅनोमीटरमधली तरंगलांबी काढताना १२४० ला ऊर्जेने भागतात; इथे या फरकाने भागले की ६५६.४ नॅनोमीटर मिळतात. उलट दिशेने, सर्वांत खालच्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि शरीराच्या उबेतून मिळणारी ऊर्जा त्याच्या शेकडो पटींनी कमी असते. शरीराच्या उबेने इलेक्ट्रॉन वर उडी मारतात असे सांगून विकली जाणारी ‘क्वांटम ऊर्जे’ची हातातली कडी विकत घेण्यापूर्वी एवढा हिशोब अवश्य करावा.

खरी मौज यापुढच्या अचूकतेत आहे. १३.६ ऐवजी त्याचे जास्त अचूक रूप, म्हणजे केंद्रक अनंत जड मानून काढलेला रिडबर्ग स्थिरांक वापरला, तर उत्तर ६५६.११ येते, पण निर्वातातील खरी तरंगलांबी सुमारे ६५६.४६ आहे. (तक्त्यांत आढळणारा ६५६.२८ हा आकडा हवेतला असतो, कारण हवेत प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो.) उरलेल्या सुमारे ०.३५ नॅनोमीटरचे मुख्य कारण असे, की केंद्रक स्थिर नसते. मोठे माणूस लहान मुलाबरोबर फुगडी घालते, तेव्हा तेही थोडेसे फिरतेच. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असल्यामुळे त्याची हालचाल फार लहान असते, तरीही तिच्यामुळे सगळ्या पातळ्यांमधली ऊर्जेची अंतरे साधारण १८३६ व्या हिश्शाने आक्रसतात आणि तरंगलांबी तेवढीच वाढते.

यातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो: केंद्रक दुप्पट जड असते तर? त्याची हालचाल निम्मी होईल आणि तांबडी रेषा सुमारे ०.१८ नॅनोमीटरने कमी तरंगलांबीकडे सरकेल. हायड्रोजनचे असे जड अणू म्हणजे ड्यूटेरियम; निसर्गात ते हजारो हायड्रोजन अणूंमागे एखादाच असल्यामुळे त्यांची अंधूक रेषा शेजारच्या प्रखर रेषेपुढे सहज हरवते. म्हणून अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये द्रवरूप हायड्रोजनचे बाष्पीभवन करून मागे उरलेला वायू तपासला, कारण हलक्या अणूंचे रेणू आधी उडून जातात. त्या वायूत हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषांशेजारी, गणिताने सांगितलेल्या जागीच, ड्यूटेरियमच्या रेषा पूर्वीपेक्षा ठळक उमटल्या.