‘माझे पैसे’ म्हणताना झ बदलतो, स का बदलत नाही?

सांगलीचा बाजार, सांगलीची हळद, सांगलीचे रस्ते, सांगलीचं भडंग, सांगलीच्या पेठा. हे शब्द मोठ्याने आणि सावकाश म्हणा आणि प्रत्येक ‘च’ला जिभेचं टोक कुठे जातं ते पाहा. ‘चा’ आणि ‘चं’ म्हणताना ते वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि आवाज ‘त्स’सारखा येतो. ‘ची’, ‘चे’, ‘च्या’ म्हणताना जीभ मागे सरकून टाळूला पसरट लागते. लिपीत अक्षर एकच असल्यामुळे हा फरक आपल्या नजरेत येत नाही. व्याकरणात पहिल्याला दंततालव्य च आणि दुसऱ्याला तालव्य च म्हणतात.

‘सांगलीचे भडंग’ आणि ‘सांगलीचं भडंग’ ही जोडी विशेष बोलकी आहे. दोन्हींचा अर्थ तोच आणि व्याकरणातलं कामही तेच. फक्त शेवटचा स्वर बदलला की च बदलतो. म्हणजे हे काम अर्थाचं नाही, पुढे येणाऱ्या आवाजाचं आहे. चमचा–चमचे–चमच्याने, मोजा–मोजे–मोज्यात, माझा–माझी–माझ्या ही रूपंही तशीच चालतात.

आता नियम लिहायचा तर पहिला प्रयत्न असा होईल: इ, ई, ए किंवा य पुढे आला की दंततालव्य आवाज तालव्य होतो. हे बरोबर आहे, पण ही नुसती यादी झाली. यादीत हेच आवाज का? आ, ऊ आणि व का नाहीत?

इथे ध्वनीचे तुकडे पाडावे लागतात. रोमान याकबसन, गुन्नार फांट आणि मॉरिस हॅले यांनी १९५२ मध्ये मांडलं की भाषेतला प्रत्येक ध्वनी म्हणजे थोड्या ‘आहे–नाही’ उत्तरांची जुडी असते. घोष आहे की नाही, हवा नाकातून जाते की नाही, अशी ही उत्तरं. त्यांना भेदक लक्षणं म्हणतात. चॉम्स्की आणि हॅले यांनी १९६८ मध्ये त्यांची मांडणी जिभेच्या आणि ओठांच्या हालचालींवर बेतली. आपल्याला इथे दोनच प्रश्न पुरतात: जीभ पुढे आहे का, आणि ती वर उचललेली आहे का?

इ म्हणताना जीभ पुढेही असते आणि वरही. ए म्हणताना पुढे असते, पण तितकी वर नसते. उ म्हणताना ती वर असते, पण मागे. आ म्हणताना यातलं काहीच नसतं. य ही जवळजवळ इ-चीच जिभेची ठेवण, फक्त व्यंजन म्हणून वापरलेली. म्हणजे आपल्या यादीतल्या सगळ्यांचं उत्तर एका प्रश्नाला सारखं आहे: जीभ पुढे, टाळूकडे. असा एखाद्या समान लक्षणाने बांधलेला, आणि ते लक्षण असलेला कुणीही बाहेर न राहिलेला गट म्हणजे नैसर्गिक वर्ग. ‘आ, इ आणि व’ असा गट मात्र ‘किंवा’ वापरल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तसल्या गटावर चालणारे नियम भाषांत क्वचितच दिसतात.

बदलणाऱ्या आवाजांकडे पाहिलं तरी तेच. हात–हाती, कान–कानी असं म्हणताना त आणि न जागचे हलत नाहीत. हलतात ते च, ज, झ, म्हणजे दातांजवळ जिभेच्या टोकाने हवा चिरून ‘स्स’ असा खरखरीत आवाज काढणारे. ही खूण स मध्येही आहे. मग स बदलायला हवा. बदलतोही: असा–अशी, तास–ताशी, दिवस–दिवशी, माणूस–माणशी, म्हैस–म्हशी. पैसा–पैशाला, ससा–सशाला यांतही तेच. घोडा–घोड्याला यात दिसणारा य इथे स ला श करून स्वतः नाहीसा झालेला आहे.

पण असे, ससे, पैसे? इथे स तसाच. ‘माझे पैसे’ या दोन शब्दांत पुढचा स्वर ए-च आहे, तरी झ तालव्य होतो आणि स होत नाही.

अपवाद म्हणून हे सोडून देण्याचा मोह होतो, सोडू नये. स साठी नियम कुणामुळे लागू होतो ते मोजा: ई आणि य. दोघांतही जीभ पुढे आणि शिवाय वर. ए पुढे आहे, पण वर नाही, म्हणून तो गळतो. च-जच्या नियमाची अट एक लक्षण आहे आणि स-च्या नियमाची दोन. अटी वाढल्या की वर्ग लहान होतो, आणि लहान वर्ग नेहमी मोठ्याच्या पोटात बसतो. उलट, ए-आधी स बदलतो पण ई-आधी नाही, असं आढळलं असतं तर ‘जीभ वर’ हे स्पष्टीकरण तिथेच कोसळलं असतं. संस्कृत व्याकरणपरंपरेने ही विभागणी कधीच टिपली होती: ‘इचुयशानां तालु’, म्हणजे इ, चवर्ग, य आणि श यांचं स्थान टाळू. ए मात्र वेगळा ठेवला, कंठतालव्य म्हणून.

पडताळा घेताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, ‘चार’ (संख्या) आणि ‘चंद्र’ यांत अ-आच्या आधीही तालव्य च आहे, म्हणून नियम खोटा ठरला असं वाटतं. पण नियम एकाच दिशेने बोलतो: ई-एच्या आधी दंततालव्य नको. आ-च्या आधी दोन्ही चालतात; म्हणूनच ‘जरा’ (थोडं) आणि ‘जरा’ (वार्धक्य) असे दोन शब्द उच्चाराने वेगळे राहतात. दोन, ‘सीताफळ’, ‘सीमा’ यांत ई-आधी स टिकतो. स-चा नियम मूळ शब्द आणि प्रत्यय यांच्या सांध्यावर चालतो, शब्दाच्या पोटात नाही. त्यामुळे सुटे शब्द गोळा करू नका. एकच शब्द घ्या आणि त्याची रूपं फिरवा.

आणि ‘जीभ पुढे’ हा वर्ग आपल्या सोयीसाठी पाडलेला नाही, याचा पुरावा साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांतल्या बोलीत मिळतो. तिथे वेळ होते येळ, वेडा होतो येडा, विळा होतो इळा, विंचू होतो इंचू, विठोबा होतो इठोबा. वारा, वाट, वावर, वाडा यांना मात्र धक्का लागत नाही. च-जशी काही संबंध नसलेला हा वेगळाच नियम, पण चालतो त्याच इ, ई, ए यांच्यावर.

वरवर इथे दोन बदल दिसतात: ए-आधी व चा य, आणि इ-आधी व गायब. लक्षणांनी पाहिलं की एकच उरतो. व हा उ-च्या घरचा, जीभ मागे. पुढच्या स्वराचं ‘जीभ पुढे’ हे लक्षण त्याला लागलं की तो य होतो. वेळ–येळ झालं. विळा–यिळा व्हायला हवं होतं, पण य आणि इ यांची ठेवण जवळजवळ एकच असल्याने य इ-च्या आधी वेगळा ऐकूच येत नाही आणि उरतो इळा. ‘ये’ने सुरू होणारे शब्द मराठीत हवे तेवढे आहेत. ‘यि’ने सुरू होणारा अस्सल मराठी शब्द शोधून पाहा.