एका उणे चिन्हाची पंचवीस वर्षं: दोन बिंदुसंच जुळवणाऱ्या सूत्राची पार्श्वभूमी

एकाच वस्तूवरचे तेच बिंदू दोनदा मोजले, पण दोन वेगळ्या अक्षांमध्ये. पहिल्या यादीतला कुठला बिंदू दुसऱ्या यादीतला कुठला, हे माहीत आहे. आता पहिला संच किती फिरवला आणि किती सरकवला, म्हणजे तो दुसऱ्यावर शक्य तितका नीट बसेल? प्रत्येक जोडीत जी चूक उरते, तिच्या वर्गांची बेरीज कमीत कमी हवी. आज याचं उत्तर आठ ओळींच्या कोडमध्ये मिळतं. त्यातली एक ओळ मात्र वेगवेगळ्या क्षेत्रांत तीनदा शोधली गेली.

सरकवण्याचा भाग सोपा आहे. फिरवणं कुठलंही असो, सर्वांत चांगल्या मांडणीत पहिल्या संचाचा गुरुत्वमध्य दुसऱ्याच्या गुरुत्वमध्यावरच जातो. म्हणून दोन्ही संचांतून आपापला गुरुत्वमध्य वजा करायचा आणि आधी फक्त फिरवण्याचा विचार करायचा. मग जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज करून ३×३ चा मॅट्रिक्स `H` तयार होतो, आणि प्रश्न उरतो तो फिरवणारा मॅट्रिक्स `R` असा निवडण्याचा, की `trace(R H)` जास्तीत जास्त होईल. इथे सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन, म्हणजे एसव्हीडी, कामाला येतं. `H = U S Vᵀ` असे तुकडे केले की `R = V Uᵀ` घेतल्यावर तिन्ही सिंग्युलर व्हॅल्यू पूर्णपणे पदरात पडतात, आणि त्याहून जास्त काही मिळूच शकत नाही.

हे उत्तर आधी मानसशास्त्रात पक्कं झालं. घटक-विश्लेषणात दोन अभ्यासांतले घटक एकमेकांशी जुळवून पाहायचे असत. बर्ट ग्रीन यांनी १९५२ मध्ये त्याचं एक उत्तर दिलं होतं, आणि पीटर शोनेमान यांनी १९६६ मध्ये ‘सायकोमेट्रिका’त ते सर्वसाधारण रूपात मांडलं. पाहुण्याला पलंगाच्या मापात बसवण्यासाठी ताणणाऱ्या किंवा छाटणाऱ्या ग्रीक दंतकथेतल्या प्रोक्रस्टीसचं नाव या प्रश्नाला आधीच चिकटलं होतं. शोनेमान यांच्या उत्तरात `R` फक्त लंबकोनी असायला हवा होता. त्याचा निश्चयक +१, म्हणजे निव्वळ फिरवणं, आहे की −१, म्हणजे आरशासारखं उलटवणं, याचं बंधन नव्हतं. ही काही चूक नव्हे. घटकाची दिशा उलटी केली तरी घटक तोच राहतो, त्यामुळे तिथे आरशातली प्रतिमा चालते.

उपग्रहाला ती चालत नाही. ग्रेस वाहबा यांनी १९६५ मध्ये ‘सियाम रिव्ह्यू’च्या प्रश्नविभागात हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला: तारे वगैरेंच्या दिशा उपग्रहाच्या अक्षांमध्ये मोजल्या आहेत आणि बाहेरच्या अक्षांमध्येही ठाऊक आहेत, तर उपग्रह कुठल्या स्थितीत वळलेला आहे? निश्चयक +१ असावा, ही अट त्यांनी प्रश्नातच घातली होती. पुढच्या वर्षी छापलेल्या उत्तरांमध्ये फॅरेल आणि स्टूल्पनागेल यांनी ती अट पाळण्याची रीत दिली: निश्चयक उणे आला तर सर्वांत लहान व्हॅल्यूच्या दिशेचं चिन्ह बदला. उत्तर १९६६ लाच तयार होतं. पण ते अंतराळवाल्यांच्या कपाटात राहिलं.

स्फटिकशास्त्रज्ञ वोल्फगांग काब्श यांनी १९७६ मध्ये ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’त रेणूंच्या रचना एकमेकींवर बसवण्यासाठी स्वतंत्र पद्धत काढली. दोनच वर्षांनी त्यांना एक छोटी पुरवणी छापावी लागली, आणि तिचा विषय हाच: उत्तर आरशातलं येऊ नये म्हणून काय करायचं. प्रथिनांमध्ये अमिनो आम्लं जवळजवळ सगळी एकाच हाताची असतात. उजवं वळण डाव्यावर बसवून मिळालेला छान आकडा तिथे निव्वळ खोटा. काब्श यांची मांडणी आयगेन व्हॅल्यूंची होती. आज त्यांच्या नावाने चालणारा एसव्हीडीचा अवतार नंतरचा.

मग संगणकीय दृष्टीचे लोक आले. अरुण, हुआंग आणि ब्लॉस्टीन यांचा १९८७ चा तीन पानी लेख सगळ्यात जास्त उतरवला गेला, कारण त्यात पायऱ्या सरळ एसव्हीडीच्या भाषेत होत्या. पण उणे निश्चयकाबद्दल तो अर्ध्यावरच थांबतो. बिंदू एका प्रतलात असतील तर चिन्ह बदला. नसतील, तर मोजमापातला गोंधळ फार आहे आणि पद्धत हरली, असं समजा. उमेयामा यांनी १९९१ मध्ये दाखवलं की हार मानायची गरज नाही: चिन्ह बदलून मिळणारं उत्तर याही स्थितीत सर्वोत्तमच असतं. त्यांनी संच लहान-मोठा करणारा गुणकही सूत्रात आणला.

हे चिन्ह करतं काय, ते चार बिंदूंवर पाहता येतं. एका पट्टीवर (२,०,०), (−२,०,०), (०,१,०), (०,−१,०) अशा खुणा आहेत, माप सेंटिमीटरमध्ये. पट्टी z अक्षाभोवती ९० अंश फिरवली. `H` च्या सिंग्युलर व्हॅल्यू ८, २ आणि ० येतात. तिसरी शून्य असल्याने `U` आणि `V` च्या तिसऱ्या स्तंभाचं चिन्ह एसव्हीडी हवं ते देऊ शकतं. खरं फिरवणं आणि आरसा, दोन्हींची उरलेली चूक शून्यच. आकडा पाहून काही कळणार नाही. कळतं ते पट्टीला जोडलेलं, तिच्यापासून १.५ सेंमी वर असलेलं एखादं टोक १.५ सेंमी खाली गेलेलं दिसल्यावर.

आता मोजमापात १ मिमीची गडबड घाला. पहिल्या संचात z अनुक्रमे ०.१, ०.१, −०.१, −०.१ आणि दुसऱ्यात नेमके उलट. व्हॅल्यू ८, २, ०.०४ होतात आणि `V Uᵀ` चा निश्चयक −१ येतो. १९८७ चा लेख इथे हात टेकतो. आरशाने चूक शून्य दिसते. चिन्ह बदलल्यावर वर्गांची बेरीज ०.१६, म्हणजे प्रत्येक बिंदूमागे २ मिमी. वाईट दिसणारा हा दुसरा आकडाच खरा.

```python
import numpy as np

def fit(P, Q):
    p0, q0 = P.mean(axis=0), Q.mean(axis=0)
    H = (P - p0).T @ (Q - q0)
    U, S, Vt = np.linalg.svd(H)
    d = np.sign(np.linalg.det(Vt.T @ U.T))
    R = Vt.T @ np.diag([1, 1, d]) @ U.T
    return R, q0 - R @ p0
```

इथे `P` आणि `Q` मधली प्रत्येक ओळ एक बिंदू आहे. `svd` तिसरं उत्तर म्हणून `V` देत नाही, `Vt` देतं. हे विसरलं की `R` दिसतो व्यवस्थित आणि फिरवतो भलतीकडे. दुसरी नेहमीची चूक शेवटच्या ओळीत होते: `q0 - R @ p0` ऐवजी नुसतं `q0 - p0` लिहिणं. वरच्या पट्टीवर ती सापडणारच नाही, कारण तिचा गुरुत्वमध्य शून्यावर आहे. पट्टी (५,०,०) वर नेली आणि दुसऱ्या संचाचा मध्य (१०,५,३) असला, तर खरं सरकणं (१०,०,३) आणि चुकीचं (५,५,३). म्हणून चाचणीचे बिंदू मुद्दाम मूळबिंदूपासून दूर घ्यावेत.

चिन्ह बदलूनही भागत नाही अशी स्थिती म्हणजे सगळे बिंदू एका रेषेवर. तेव्हा दुसरी आणि तिसरी व्हॅल्यू दोन्ही शून्य होतात, आणि त्या रेषेभोवती कितीही फिरवलं तरी चूक तेवढीच राहते. कोड तक्रार न करता कुठलं तरी एक `R` देतो. म्हणून `S[1] + d*S[2]` हे `S[0]` च्या तुलनेत अगदी क्षुल्लक निघालं, तर त्या `R` वर विसंबू नये. रेषेबाहेरची आणखी एक खूण मोजून आणावी.