लग्नानंतर नाव बदलायचंय? आधी बघा, आडनाव बदलतंय की पहिलं नावही

पहिली गोष्ट, लग्न झालं म्हणून नाव बदलायलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाहीये. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर काहीच करू नका. पण बदलायचं असेल तर खरा घोळ कुठे होतो ते सांगते.

समजा लग्नाआधी नाव स्नेहल प्रकाश देशमुख होतं आणि आता स्नेहल अमोल कुलकर्णी करायचंय. म्हणजे पहिलं नाव तेच, फक्त मधलं नाव आणि आडनाव बदललं, अशा वेळी बहुतेक ठिकाणी मॅरेज सर्टिफिकेटवर काम होऊन जातं. पुण्यात ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लग्न नोंदवलं की मिळतं. पण आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात ना, तसं स्नेहलचं स्वरा झालं तर? मॅरेज सर्टिफिकेटवर स्नेहलच असतं, मग स्वरा तीच बाई हे कागदावर कुठेच सिद्ध होत नाही आणि बँक वगैरे अडवतात. इथे गॅझेट लागतंच. लग्नाशी संबंध नसताना स्वतःच्या मर्जीने नाव बदलणाऱ्यांनाही हाच रस्ता.

गॅझेट म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र, त्याच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या सूचना छापून येतात. अर्ज ऑनलाइन होतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि लग्नामुळे बदल असेल तर मॅरेज सर्टिफिकेट तयार ठेवा. नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा, पुढे कुठेही मागतात. पेपरातली जाहीर नोटीस काही ठिकाणी वेगळी मागतात, ती दिली तर कात्रण नको, तारखेसकट अख्खं पान जपा.

फॉर्म भरताना जुनं नाव आधारवर आहे अगदी तसंच टाका. आधारवर Snehal Prakash Deshmukh आणि फॉर्ममध्ये Snehal P. Deshmukh असं झालं तर छापलेलं गॅझेट हातात असूनही मॅच होत नाही, आणि एकदा छापलं की दुरुस्तीसाठी परत खटाटोप. म्हणून सबमिट करायच्या आधी दोन्ही नावांचं स्पेलिंग घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी अक्षर न् अक्षर वाचून घ्याच.

छापून आलं की पीडीएफ डाउनलोड करा, मग आधी आधार. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईत अर्धवट बदल करून एक संधी वाया घालवू नका. त्यानंतर पॅन, कारण दोन्हीकडचं नाव जुळलं नाही तर बँकेचं केवायसी अडकतं. मग बँक, पासपोर्ट, मतदार यादीसाठी फॉर्म 8. दहावीचं सर्टिफिकेट आणि डिग्री मात्र जुन्याच नावाने राहतात, ती बदलायच्या मागे लागू नका, नोकरीच्या ठिकाणी त्यांच्यासोबत गॅझेटची कॉपी जोडायची.