पाठभेदांची यादी आणि चिकित्सक पाठटीप: एका ओवीवरची दोन कामे

संतवाङ्मयावरच्या पाठचिकित्सेच्या निबंधात पानाच्या तळाशी बारीक अक्षरात हस्तलिखितांची खूणअक्षरे आणि शब्दांची रांग दिसली, की तिला सरसकट ‘पाठभेद दिले आहेत’ असे म्हटले जाते. ती रांग मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी एक असू शकते. कोणत्या पोथीत काय लिहिले आहे, याची नोंद म्हणजे पाठभेदांची यादी. संपादकाने वर छापलेला पाठ कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि त्याने काय बाजूला ठेवले, हे सांगणारी ती चिकित्सक पाठटीप. यादीत संपादकाचे मत नसते, नसावेच. पाठटिपेची प्रत्येक ओळ मात्र संपादकाच्या निर्णयातून येते. पहिली दुसरीच्या जागी छापली, की वाचकाला माहिती भरपूर मिळते, पण निबंधाचा दावा तपासता येत नाही.

शब्दाचाही एक घोळ आहे. जुन्या वापरात ‘पाठांतर’ म्हणजे वेगळा पाठ. आज पाठांतर म्हणजे घोकणे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली, त्या नोंदीतले ‘परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’ हे शब्द पहिल्या अर्थाचे आहेत. निबंधात ‘पाठभेद’ हाच शब्द ठेवावा. एकनाथांच्या कामाची मोठी अडचण इथेच आहे. पाठ शोधून शुद्ध केला एवढे ते सांगतात, पण कोणता शब्द कोणत्या प्रतीतून घेतला आणि कोणता टाकला याची नोंद हाती नाही. उलट टोकाला वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून छापलेली ज्ञानेश्वरी आहे. मुख्य आधार एकच पोथी असला, तर त्या पोथीचे वाचन समजते, अनेक पोथ्यांमधली निवड समजत नाही.

आता एक ओळ घेऊ. सहाव्या अध्यायातली, प्रचलित मुद्रित प्रतींत चौदावी असलेली ओवी सर्वांना ठाऊक आहे: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’. दुसऱ्या चरणात ‘पैजा जिंके’ आणि ‘पैजेसीं जिंके’ असे दोन्ही पाठ प्रचारात आहेत. पाठांची ही जोडी खरी आहे. खालच्या सहा पोथ्या मात्र नमुन्यासाठी कल्पिल्या आहेत: अ१ आणि अ२ एका कुळातल्या, ब१, ब२, ब३ दुसऱ्या कुळातल्या, आणि क वेगळी. यादी अशी होईल:

अ१: परि अमृतातेंहि पैजा जिंके
अ२: परी अमृतातेंही पैजा जिंके
ब१: परि अमृतातेंही पैजेसीं जिंके
ब२: परि अमृतातेंही पैजेसि जिंके
ब३: परि अमृतातेंही पैजा जिंके, समासात दुसऱ्या हाताने ‘पैजेसीं’
क: हे पत्र नाही

ही यादी तक्त्यात करावी: आडवी ओळ एका चरणाची, उभा रकाना एका पोथीचा. पोथीत आहे तसेच उतरवायचे. चूक दिसली तरी सुधारायची नाही. हरताळ लावून खोडलेले, समासात लिहिलेले, वाचता न आलेले, फाटलेले, यांना वेगवेगळ्या खुणा ठरवाव्यात. रकाना रिकामा कधीच सोडू नये, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही: पत्र गहाळ होते, चरण गाळलेला होता, की आपले वाचायचे राहिले होते?

यादीत हमखास शिरणारी एक चूक म्हणजे शब्दांची तोड. जुन्या पोथ्यांतली अक्षरे बहुधा एकसलग असतात. त्यामुळे ‘अमृतातें ही’ आणि ‘अमृतातेंही’ असा फरक कुणी नोंदवला असेल, तर तो पोथीचा नव्हे, उतरवणाऱ्याचा आहे. तोड संपादकाची असते. तिच्यामुळे अर्थ बदलत असेल तर चर्चेत बोलावे, पाठभेद म्हणून मांडू नये.

याच यादीतून निघणारी पाठटीप एका ओळीची आहे:

६.१४.२ पैजा ] अ१ अ२ ब३(मूळ); पैजेसीं ब१ ब२ ब३(दु.); क नाही

आधी अध्याय, ओवी, चरण. मग छापलेल्या पाठातला नेमका तेवढाच शब्द, ज्याला भेद आहे. त्यानंतर बंद चौकटी कंस, मग त्या शब्दाला पाठिंबा देणाऱ्या पोथ्या, आणि अर्धविरामानंतर बाजूला ठेवलेला पाठ व त्याच्या पोथ्या. ‘दु.’ म्हणजे दुसऱ्या हाताची दुरुस्ती. विभाजक म्हणून दंड वापरू नये, कारण ओवीत तो चरणाचे चिन्ह आहे. पोथ्यांची खूणअक्षरे जाड किंवा वेगळ्या टंकात छापावीत. देवनागरी मजकुराला देवनागरी खुणा लावल्या, की साध्या टंकातला ‘अ’ हा पाठाचाच भाग वाटतो. काही जण यासाठी रोमन अक्षरे वापरतात. तेही चालते, फक्त निबंधभर एकच पद्धत हवी.

यादीतले ‘परि’ आणि ‘परी’, ‘हि’ आणि ‘ही’, ‘पैजेसि’ आणि ‘पैजेसीं’ पाठटिपेत आले नाहीत. ते लेखनभेद म्हणून गाळले आहेत, आणि तसे गाळले हे निबंधाच्या पद्धतीच्या परिच्छेदात एका वाक्यात सांगायलाच हवे. खरा कस इथे लागतो. ऱ्हस्वदीर्घ बहुतेक वेळा सोडून देता येतो, अनुस्वार मात्र डोळे झाकून सोडता येत नाही. जुन्या मराठीत तो विभक्ती सांगतो: ‘ज्ञानेश्वरें’ म्हणजे ज्ञानेश्वराने. टिंब गेले की कर्ता जातो. म्हणून ‘पैजेसि’मधला गळालेला अनुस्वार सोडावा, कारण तिथे ‘सी’ प्रत्ययच अर्थ धरून आहे. पण ज्या शब्दात टिंबाशिवाय विभक्तीची दुसरी खूणच नाही, तिथे त्याची नोंद पाठटिपेत यावी. ‘बोलु’ आणि ‘बोल’ही तसेच. शेवटचा उकार जुन्या रूपाची खूण आहे, तो गाळला तर पोथी कितपत नव्या वळणाची आहे हेच लपते. ‘मराठाचि’ आणि ‘मऱ्हाटाचि’ यांचा उच्चारच वेगळा आहे. माझ्या मते ते पाठटिपेत यावेत, जरी अर्थ तोच राहत असला तरी.

पाठटीप मांडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. वरची सकारात्मक: छापलेल्या पाठाच्या बाजूच्या पोथ्याही तीत नाव घेऊन येतात. नकारात्मक तऱ्हेत फक्त वेगळ्या पोथ्या येतात:

६.१४.२ पैजा ] पैजेसीं ब१ ब२ ब३(दु.)

उरलेल्या सगळ्या पोथ्या छापलेल्या पाठाशी जुळतात, असे यात गृहीत असते. पोथ्या पन्नास-साठ असतील तर ही तऱ्हा जागा वाचवते. पण आपल्या नमुन्यात क पोथीचे पत्रच नाही, आणि या ओळीवरून वाचक तिला ‘पैजा’ म्हणणाऱ्यांत मोजणार. न बोललेल्या साक्षीदाराची साक्ष अशी आपोआप तयार होते. नकारात्मक तऱ्हा वापरायचीच असेल, तर पाठटिपेच्या वर एक स्वतंत्र ओळ द्यावी: या ओवीला कोणत्या पोथ्या उपलब्ध आहेत आणि कोणती कुठून कुठपर्यंत खंडित आहे. सहा-आठ पोथ्यांच्या निबंधाला सकारात्मक तऱ्हाच बरी. एखादी ओळ वाढली तर बिघडत नाही.

‘पैजा’ का निवडले, हे पाठटिपेत लिहायचे नसते. ते खालच्या चर्चेत जाते. पोथ्या मोजून निर्णय होत नाही. ब१ आणि ब२ एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असतील, तर त्यांचे मत एकच धरायचे. ‘पैजेसीं’मध्ये प्रत्यय उघड आहे, अर्थ लगेच लागतो; ‘पैजा’ हे रूप नकलकाराला अडखळवणारे. अडखळवणारे रूप सोपे करून लिहिण्याकडे हाताची ओढ असते, उलटे क्वचित होते. म्हणून ‘पैजा’ला झुकते माप, पण झुकतेच. संस्कृत श्लोकात वृत्त मदतीला येते, ओवीत अक्षरसंख्या सैल असल्याने येत नाही. यमक फक्त चरणाच्या शेवटी उपयोगी पडते (कौतुकें, जिंके, रसिकें), आणि आपला शब्द चरणाच्या मध्ये आहे. निर्णय असा पूर्ण पक्का नसेल तर पाठातच तशी खूण करावी. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत कमी खात्रीच्या पाठाखाली नागमोडी रेघ आहे. तीच सोय इथे चालेल. खूण न करता छापलेला शब्द सारख्याच खात्रीचा वाटतो, आणि पाठटिपेची रचना कितीही चोख असली तरी ती ही खात्री सांगू शकत नाही.

ब३मधल्या समासातल्या दुरुस्तीकडे पुन्हा पाहू. रोज पारायणात म्हटला जाणारा ग्रंथ नकलणाऱ्याच्या कानातही असतो. समोरच्या पोथीत एक आणि तोंडात दुसरे, अशी स्थिती झाली की तोंडातला शब्द कागदावर उतरतो किंवा नंतर कुणी तो समासात लिहितो. त्यामुळे कुळांची सरमिसळ होते. म्हणूनच पोथ्यांची नाती ठरवायला अशा गाजलेल्या ओव्या सर्वांत वाईट. जिथे लांबलचक रूपके चालली आहेत आणि जी कुणाला सहसा मुखोद्गत नसतात, अशा ओव्यांतल्या सामाईक चुका घ्याव्यात. तिथे नकलकार समोरची पोथीच पाहत असतो. आणि ‘मूळ’ व ‘दु.’ या खुणा गाळून ब३ला सरळ ‘पैजेसीं’च्या गटात टाकले, तर ही सरमिसळ निबंधातून नाहीशी होते.

जास्तीच्या ओव्यांना वेगळी जागा हवी. एखाद्या पोथीत एखादी ओवी अधिक असली, तर ती पाठटिपेत, जिच्यानंतर येते त्या ओवीचा क्रमांक देऊन पूर्ण छापावी. सलग दहा-बारा ओव्यांचा तुकडा असेल तर तो परिशिष्टात जावा आणि पाठटिपेत फक्त त्याचा उल्लेख राहावा. जास्तीच्या ओवीला चालू क्रमांक दिला, की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि दुसऱ्या आवृत्तीशी ताडून पाहणारा वाचक हरवतो. आपण कोणत्या मुद्रित आवृत्तीचे क्रमांक पाळले, तेही सुरुवातीलाच लिहावे.

पंधरा-वीस पानांच्या निबंधात बहुधा एकच उतारा, पंचवीस-तीस ओव्यांचा, पाठटिपेसह छापता येतो. यादी संपूर्ण ठेवावी, पण परिशिष्टात किंवा मागणाऱ्याला देता येईल अशा तक्त्यात. छपाईला देण्याआधी एक तपासणी करावी. यादीतल्या एका रकान्यावरून ती पोथी अक्षरशः पुन्हा लिहिता आली पाहिजे. पाठटिपेवरून तसे करता येणार नाही, कारण लेखनभेद गळाले आहेत. पण छापलेल्या उताऱ्यातला कोणताही शब्द घेतला, तर त्या जागी प्रत्येक पोथी बोलते की गप्प आहे आणि बोलत असेल तर कुणाच्या बाजूने, हे पाठटिपेवरून सांगता आले पाहिजे. यादीतले कोणतेही पाच-सात चरण उचलून दुसऱ्या माणसाला हे करायला सांगावे. स्वतःची पाठटीप आपल्याला नेहमीच स्पष्ट वाटते.