गर्भनलिकांची एचएसजी तपासणी: तेल की पाणी, या वादाची पार्श्वभूमी

गर्भनलिका उघड्या आहेत की नाहीत, हे शस्त्रक्रियेविना कळावे म्हणून १९२० च्या सुमारास अमेरिकेत गर्भाशयात वायू सोडण्याची पद्धत निघाली. नंतर स्त्री उठून बसली की खांदा दुखे. वायू नळ्यांतून पोटात पोहोचल्याची ती खूण मानली जाई. मात्र दोनपैकी कोणती नळी उघडी आणि अडथळा नेमका कोठे, हे त्यातून कळत नसे. त्याच दशकात खसखशीच्या तेलात आयोडिन बांधून केलेले, क्ष-किरणात पांढरे उमटणारे द्रव्य वापरात आले आणि नळीचा आकार फिल्मवर स्पष्ट दिसू लागला; हीच एचएसजी तपासणी.

तेल पोटातून सावकाश निघते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा फिल्म काढावी लागे. जोराने सोडल्यास ते गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका होता. पुढे पाण्यात विरघळणारी द्रव्ये मिळू लागली, तेव्हा लवकर शोषले जाणारे आणि एकाच बैठकीत काम उरकणारे द्रव्य बहुतेक ठिकाणी पसंत केले गेले. आपल्याकडेही आज सर्रास तेच वापरतात. तथापि तेलाने तपासणी झालेल्या स्त्रियांना नंतरच्या महिन्यांत अधिक वेळा दिवस जातात, हे निरीक्षण डॉक्टरांच्या कानावर अनेक दशके होते. ते योगायोग म्हणून बाजूला ठेवले गेले, हे आजच्या माहितीच्या उजेडात खटकते. २०१७ साली नेदरलँड्समधील १,११९ स्त्रियांच्या तुलनात्मक अभ्यासात सहा महिन्यांत टिकून राहिलेल्या गर्भधारणेचे प्रमाण तेलाच्या गटात सुमारे ४० टक्के, तर पाण्याच्या गटात २९ टक्के आढळले. नळीतील चिकट स्राव धुऊन निघत असावा, असा एक तर्क आहे; कारण अद्याप निश्चित नाही. शिवाय या स्त्रिया ३९ वर्षांपर्यंतच्या आणि नळ्यांच्या आजाराचा धोका कमी असलेल्या होत्या, म्हणून हा आकडा पूर्वी क्षयरोग किंवा ओटीपोटाचा संसर्ग झालेल्या स्त्रीला तसाच लावता येत नाही. तेलातील आयोडिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, त्यामुळे थायरॉइडचा विकार असल्यास ते टाळण्याचा किंवा आधी व नंतर रक्ततपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.

द्रव्य कोणतेही असो, तयारी सारखीच असते. रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज सुटण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान वेळ दिली जाते आणि पाळी सुरू झाल्यापासून तपासणीपर्यंत संबंध टाळण्यास सांगितले जाते. पूर्वी अशा द्रव्याची ॲलर्जी झाली असेल किंवा सध्या ताप, दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर ते आधीच सांगणे आवश्यक असते, कारण चालू संसर्गात ही तपासणी करीत नाहीत. वेदनाशामक गोळी सुमारे तासभर आधी घेतली जाते. गर्भाशयाच्या मुखातून बारीक नळी घालून काही मिलिलिटर द्रव्य सोडले जाते, आणि ते भरत असताना पाळीच्या वेदनांसारखी, कधी त्याहून तीव्र कळ येते. द्रव्य सावकाश सोडले तर ती सौम्य राहते. एक-दोन दिवस थोडा रक्ताचा डाग लागणे स्वाभाविक आहे, परंतु ताप किंवा वाढत जाणारे ओटीपोटातील दुखणे ही संसर्गाची चिन्हे असल्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

सर्वाधिक गोंधळ ‘दोन्ही नळ्या गर्भाशयाच्या टोकाशी बंद’ या शेऱ्याने होतो. समजा, तिशीतील एका स्त्रीला ओटीपोटाचा कोणताही आजार झालेला नाही; द्रव्य सोडताना तिला जोराची कळ आली आणि अहवालावर हा शेरा लिहिला गेला. अशा वेळी नळीच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळला गेला असण्याची किंवा तेथे स्रावाचा बोळा अडकला असण्याची शक्यता खऱ्या अडथळ्याइतकीच गांभीर्याने घ्यावी लागते. पुन्हा तपासणी केल्यावर, किंवा लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, निळे द्रव्य सोडून पाहिल्यावर, अशा अनेक नळ्या उघड्या आढळतात. केवळ या एका शेऱ्यावर तिला थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे पाठविणे घाईचे ठरेल. याउलट नळी दुसऱ्या टोकाला फुगून पाण्याने भरलेली दिसली, तर ती बाब सहसा आकुंचनाने होत नाही. त्या पाण्यामुळे टेस्ट ट्यूब बेबीचेही यश घटते, म्हणून अशी नळी आधी काढण्याचा किंवा गर्भाशयाजवळ बंद करण्याचा सल्ला देतात.

द्रव्य दोन्ही बाजूंनी पोटात सांडताना दिसले, तर मार्ग मोकळा आहे एवढेच सिद्ध होते. नळीच्या आतील बारीक केसांची हालचाल आणि बीज टिपून घेण्याची तिची क्षमता यांबद्दल ही फिल्म काहीच सांगत नाही, आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, हाही तीत सहसा दिसत नाही. एकच नळी उघडी असली तरी नैसर्गिक गर्भधारणा होऊ शकते. मात्र तिचा अंदाज बांधताना वय, बीज नियमित सुटते का आणि पतीचा वीर्य अहवाल हे शेजारी ठेवूनच ही फिल्म वाचावी लागते.